पद म्हणजे पाय पण: आमच्या मंडळीत नवीन पंचांची नेमणूक झाली तेव्हाचं भाषण आणि त्यानंतरचं वर्ष

मागच्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या रविवारी आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या नवीन कमिटीची नेमणूक झाली आणि त्या दिवशीचा संदेश मी द्यावा असं पाळकसाहेबांनी सांगितलं. नंतर शेजारच्या दोन मंडळींतल्या लोकांनी फोन करून विचारलं, सर तुम्ही नक्की काय बोललात ते लिहून द्या ना, आमच्याकडे पण निवडणूक आहे. म्हणून हे लिहायला बसलो. पण नुसतं भाषण उतरवून दिलं तर ते दुसऱ्या ठिकाणी लागू पडणार नाही, कारण ते कुठल्या वातावरणात झालं आणि नंतर वर्षभरात त्यातलं काय टिकलं, काय फसलं हे पण कळायला पाहिजे, म्हणून सगळंच सांगतो.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची, मिशनच्या काळातलं दगडी मंदिर, सव्वाशेच्या आसपास घरं. कमिटी नऊ जणांची, मुदत तीन वर्षांची. जुनी माणसं अजून कमिटीला पंच म्हणतात आणि तो शब्द उगाच आलेला नाही, गावात पंच म्हणजे निवाडा करणारा, ज्याच्यासमोर उभं राहायचं असतं तो. कंपाउंडला लागून चार गाळे आहेत, भाडी फार जुनी आहेत, आणि भाडं वाढवायचं की नाही यावरून दोन गट पडले होते. निवडणूक त्यावरच झाली. पाच जण एका गटाचे आले, चार दुसऱ्या गटाचे, त्यात दोन बाया. निकाल लागला त्या रात्री कंपाउंडच्या बाहेर फटाके वाजले आणि दुसऱ्या दिवशी गेटवर फ्लेक्स लागला, नऊ जणांचे फोटो, सेक्रेटरी आणि खजिनदाराचा फोटो मोठा, खाली शुभेच्छुकांची नावं. पाळकसाहेब तो फ्लेक्स बघून माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, तुम्ही दोन टर्म सेक्रेटरी होता, तुमचं ऐकतील, मी बोललो तर पाळक आपली बाजू घेतोय असं वाटेल." हे त्यांचं बरोबर होतं. पाळकाने पंचांना नम्र व्हा म्हणून सांगितलं की त्याचा अर्थ "माझं ऐका" असाच घेतला जातो, म्हणून हे बोलणारा शक्यतो त्या खुर्चीवर बसून उठलेला सामान्य सभासदच पाहिजे.

माझ्या हातात तीन आठवडे होते. मी नऊच्या नऊ घरी जाऊन आलो. उपदेश करायला नाही, एकच प्रश्न विचारायला, की आता लोक तुमच्याकडे कशासाठी येतील? सगळ्यांना आधी वाटलं मी परीक्षा घेतोय. पण मग बोलायला लागले. सेक्रेटरी म्हणाले, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या दाखल्यांसाठी येतील, रजिस्टरच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे आहे ना. खजिनदार म्हणाला, रोकड माझ्याकडे असणार म्हणजे अडीनडीला लोक उसने मागतील. एकांकडे दफनभूमीचं काम होतं, ते म्हणाले, आमच्या आईवडिलांच्या शेजारी जागा द्या म्हणून येतील, आणि वर्गणी थकलेली असली की हाताजोडी करतील. गाळ्यांचं काम ज्यांच्याकडे येणार होतं ते गप्पच बसले, कारण एक भाडेकरू त्यांचा साडू. दोघी बायांपैकी एक म्हणाली, आमच्याकडे कोण येणार सर, सणाच्या जेवणाचं बघा म्हणून येतील. मी हसून पुढच्या घरी गेलो. हे वाक्य लक्षात ठेवा, त्यावर नंतर येतो.

ह्या फेऱ्यांतून मला भाषणाचा कणा मिळाला. पदाचा मोह असं म्हटलं की लोकांना पैसे खाणं आठवतं आणि प्रत्येकजण मनात म्हणतो की मी तर पैसे खाणार नाही, म्हणजे हा विषय माझा नाही. पण खरा मोह प्रत्येक खुर्चीचा वेगळा असतो, आणि लोक ज्या गोष्टीसाठी आपल्या दारात येतात तिथेच तो बसलेला असतो. किल्लीचा मोह वेगळा, रोकडीचा वेगळा, नात्याचा वेगळा. म्हणून सगळ्यांना मिळून "नम्र राहा" सांगायचं नाही, एकेका खुर्चीचं नाव घेऊन बोलायचं असं ठरवलं.

वचनासाठी पाळकसाहेबांनी मार्क दहा सुचवलं होतं, याकोब आणि योहान उजवी डावी जागा मागतात ते. चांगलं वचन आहे पण ऐकून ऐकून गुळगुळीत झालंय. मी योहान तेरा घेतलं, पाय धुण्याचं. त्यातल्या दोन गोष्टी आपण वाचून पुढे जातो. एक, लूकच्या शुभवर्तमानात त्याच रात्री, त्याच जेवणावर, शिष्यांचं भांडण चाललंय की आपल्यात मोठा कोण. म्हणजे गंगाळ आणि रुमाल हा शांत भक्तिमय वातावरणातला देखावा नाही, निवडणुकीच्या वादातला आहे. दुसरी, ज्यांचे पाय धुतले त्यात यहूदा पण होता, आणि योहान सांगतो की पैशांची थैली त्याच्याकडे असायची. प्रभूने खजिनदाराचे पाय धुतले, आणि खजिनदार तरीही बाहेर गेला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण सेवा केली की समोरचा सुधारतोच असं शास्त्र कुठे म्हणत नाही, आणि भावनेच्या भरात हिशोब सोडून द्या असंही म्हणत नाही.

आजकाल सर्व्हंट लीडरशिप हा शब्द सेमिनारमधून खूप येतो, आमचे तरुण तर तो बायबलमधलाच समजतात. हा शब्दप्रयोग चालू केला तो एटी अँड टी कंपनीतून रिटायर झालेल्या रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन माणसाने, १९७० च्या एका निबंधात. कल्पना वाईट नाही, पण त्यात लीडरशिप हे ध्येय आणि सेवा हा तिथे पोचायचा मार्ग असं सहज होऊन बसतं. नव्या करारात ग्रीक शब्द दियाकोनोस आहे आणि तो जेवणाच्या पंगतीला वाढणाऱ्या माणसालाही वापरायचे. वाढप्याला मॅनेजमेंटची थिअरी नसते, कोणाच्या पानात काय कमी आहे हे बघायचं असतं.

दोन गोष्टी मी करायच्या नाहीत म्हणून सांगितल्या. पहिली, नवीन पंचांचे पाय धुवायचे किंवा पंचांनी लोकांचे पाय धुवायचे असा कार्यक्रम. काही ठिकाणी करतात, मनापासून करतात, पण आमच्याकडे त्या दिवशी फोटोग्राफर सांगितलेला होता आणि पाय धुतानाचा फोटो पुढच्या फ्लेक्सवर गेला असता. दुसरी, शाल, हार आणि सत्कार. यावर थोडी कुरबुर झाली, कारण हाराची ऑर्डर गेलेली होती. शेवटी ते हार आम्ही उपासनेनंतर दफनभूमीत मिशनच्या काळातल्या जुन्या कबरींवर नेऊन ठेवले. त्यात एक बायबलबाईची कबर आहे, तिच्या दगडावर हुद्दा नाही, नुसतं नाव आणि साल.

आता भाषण. वीस मिनिटांचं होतं, सगळं देत नाही, कणा देतो.

सुरुवात फ्लेक्सपासून केली. टोमणा मारला नाही. म्हणालो, "गेटवर नऊ फोटो आहेत, त्यात नऊ चेहरे दिसतात, एकाचेही पाय दिसत नाहीत. आपल्या मराठीत पद या शब्दाचे दोन अर्थ आहेत, पद म्हणजे हुद्दा आणि पद म्हणजे पाय. हुद्दा मिळाला की चेहरा मोठा होतो. पण मंडळीचं काम पायांनी होतं, कोणाच्या घरी जाऊन, कोणासाठी तहसीलला हेलपाटा मारून, कोणाच्या मयताला रात्री उभं राहून. तुम्हाला आज जे पद मिळतंय ते दुसऱ्या अर्थाने घ्या."

मग माझी स्वतःची गोष्ट सांगितली. ती सांगायची की नाही यावर मी दोन रात्री विचार केला होता. मी सेक्रेटरी असताना एक विधवा बाई लांबच्या वाडीवरून मुलीच्या बाप्तिस्म्याचा दाखला मागायला आली. कपाटाची किल्ली माझ्या खिशात होती. रजिस्टर काढायला दहा मिनिटं लागली असती. मी म्हणालो, "बाई, आज मीटिंग आहे, पुढच्या रविवारी या." पुढच्या रविवारी म्हणालो पाळकसाहेब गावाला गेलेत, सही राहील. तिसऱ्या रविवारी ती आली तेव्हा मंदिराच्या पायरीवर बसून राहिली होती, चपला काढून बाजूला ठेवल्या होत्या, आणि मी बाहेर आलो तशी ती उठून उभी राहिली. मी तिच्याकडून एक रुपया घेतला नाही. पण ती उठून उभी राहिली ते मला आवडलं. तीन रविवार एसटीचं भाडं भरून एक बाई माझ्यासमोर उभी राहते, म्हणजे मी कोणीतरी आहे, हे मला बरं वाटत होतं, आणि दाखला मी त्यामुळेच लांबवत होतो. हे मला त्या वेळी कळलं नाही, खूप वर्षांनी कळलं. मी त्या नऊ जणांना म्हणालो, "पदाचा मोह असा येतो. पाप म्हणून नाही, 'पुढच्या रविवारी या' म्हणून येतो. आपल्या दारात कोणी उगाच दुसऱ्यांदा आलं, तर समजा की तो मोह आलाय."

मंदिर एकदम शांत झालं होतं. इथून मी एकेका खुर्चीकडे वळलो. सेक्रेटरीला म्हणालो की कपाट ठरलेल्या दिवशी ठरलेल्या वेळी उघडा आणि ती वेळ दारावर लावा, म्हणजे लोक तुमच्याकडे येणार नाहीत, कपाटाकडे येतील. खजिनदाराला पौलाचं उदाहरण दिलं. यहूदियातल्या गरीब मंडळीसाठी वर्गणी जमवली तेव्हा पौलाने ती एकट्याच्या हाताने नेली नाही, बरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, आणि करिंथकरांना कारण स्पष्ट लिहिलं, कोणी दोष लावू नये म्हणून, आणि जे चांगलं ते फक्त प्रभूसमोर नाही, माणसांसमोर पण चांगलं दिसावं म्हणून. पौलावर कोणाचा संशय होता म्हणून नाही. म्हणून दानाची थैली दोघांनी मोजायची, दोघं नात्यातले नको, मोजणी मंदिरातच, कागदावर दोघांच्या सह्या, आणि सोमवारी बँकेत. "तुम्ही प्रामाणिक आहात म्हणूनच हे तुमच्यासाठी आहे, उद्या कोणी बोट दाखवलं तर तो कागद तुमच्या बाजूने बोलेल," असं म्हणालो.

गाळ्यांचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. एवढंच म्हणालो की ज्या विषयात घरचं माणूस आहे त्या विषयाच्या वेळी खोलीच्या बाहेर जाऊन बसा, मत न देणं पुरत नाही, कारण तुम्ही समोर बसलेले असलात की बाकीचे तुमच्या तोंडाकडे बघून बोलतात. आणि दफनभूमीबद्दल म्हणालो की वर्गणीचा हिशोब मयताच्या दिवशी काढायचा नाही. थकबाकी असेल तर असेल, खड्डा आधी.

शेवटी पेत्राच्या पहिल्या पत्रातला पाचवा अध्याय. तिथे मंडळीच्या वडिलांना सांगितलंय की सोपवलेल्या लोकांवर धनीपण करू नका, कळपाला कित्ते व्हा. मी शिक्षक, मला हा शब्द फार जवळचा. ज्यांनी कित्ता गिरवलाय त्यांना माहितीये, वर छापलेलं अक्षर असतं आणि खाली पोरं तसंच काढतात, अक्षर वाकडं असेल तर सगळं पान वाकडं होतं. पंच उशिरा आले तर मंडळी उशिरा येते. आणि आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण घेतलं, नारायण वामन टिळकांचं. मिशनमध्ये मान होता, पगार होता, नाव होतं, आणि आयुष्याच्या शेवटी १९१७ मध्ये तो पगार सोडून ते 'देवाचा दरबार' काढायला निघाले. सगळ्यांनी असं करावं असं मी म्हटलं नाही. पण ज्यांची भजनं आपण दर रविवारी गातो त्या माणसाने पद कसं हातातून सोडलं हे पंचांना माहिती असावं.

मग मी मंडळीकडे वळलो, कारण साहेब एकटा होत नाही, त्याला लोक साहेब करतात. पंच आले की पहिला बाक रिकामा करून देणं, लग्नात त्यांना वेगळं ताट लावणं, आपलं काम होण्यासाठी रात्री त्यांच्या घरी बोकडाचं मटण पोचवणं, हे सगळं आपण करतो आणि मग म्हणतो की माणूस बदलला. मी लोकांना सांगितलं की यांना मोहात पाडू नका, एवढी सेवा तुम्ही यांची करा.

नेमणूक साधी झाली. पाळकसाहेबांनी प्रश्न विचारले, नऊ जणांनी "होय, देवाच्या साहाय्याने" म्हटलं, आणि मग प्रत्येकाच्या हातात त्याच्या कामाची वस्तू दिली, सेक्रेटरीला कपाटाची किल्ली, खजिनदाराला पावती पुस्तक, दफनभूमीवाल्यांना कबरींचा नकाशा. वस्तू सगळ्यांत म्हातारी सभासद असलेल्या मावशींच्या हातून दिल्या. पाळकसाहेब आणि निवृत्त पाळकांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. साडेबाराला संपलं.

आता वर्षभरात काय झालं ते. कपाट दर बुधवारी पाच ते सहा उघडतं, दारावर पाटी आहे, आणि हे सगळ्यांत चांगलं टिकलंय, कारण सेक्रेटरींचा स्वतःचाच त्रास कमी झाला. थैली दोघं मोजतात. मध्ये एकदा पावसात दुसरा माणूस आला नाही तर खजिनदाराने थैली बांधून, गाठीवर सही केलेला कागद चिकटवून पाळकसाहेबांच्या कपाटात ठेवली आणि दुसऱ्या दिवशी मोजली. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. गाळ्यांच्या मीटिंगला साडू असलेले पंच खरंच बाहेर पायरीवर बसले, पाऊण तास, आणि आत भाडं वाढवायचा ठराव झाला. त्या भाडेकरूने त्यांच्याशी बोलणं सोडलं ते अजून सुरू झालेलं नाही. ही किंमत मी भाषणात सांगितली नव्हती, सांगायला पाहिजे होती.

पहिल्या बाकाचं टिकलं नाही. दोन महिने पंच मागे बसले, मग सणाच्या दिवशी पाहुणे आले म्हणून पुढे आले आणि तिथेच राहिले. एका पंचांनी जुलैमध्ये राजीनामा दिला, म्हणाले इथे काही अधिकारच नाही तर राहून काय करू. मी त्यांच्या घरी गेलो, चहा घेतला, पण ते परत आले नाहीत.

आणि आता ते वाक्य. पहिल्या फळांच्या सणाच्या जेवणाला मी गेलो तर त्या दोन्ही पंच बाया चुलीवर होत्या, आणि कमिटीची मीटिंग त्याच वेळी आत वेस्ट्रीमध्ये चालली होती. मी बाहेर विचारलं, "ताई, तुम्ही आत नाही?" तर एक म्हणाली, "सर, तुम्हीच म्हणालात ना, वाढप्याचं काम ते पंचांचं काम. आम्हाला सांगितलं, सेवेची जबाबदारी तुम्ही घ्या." ती रागावली नव्हती. तिच्या हातात झारा होता आणि ती घामाने भिजली होती. मला तिथेच कळलं की माझ्या भाषणात खोट कुठे आहे. सेवा करा, खाली बसा, पाय धुवा, हे सगळं मी सात पुरुषांकडे बघून तयार केलं होतं, ज्यांना खुर्चीचा मोह होता. ज्या आयुष्यभर पाय धुतच आल्यात त्यांना तेच वचन दिलं की त्यांच्या हातातलं काम तेवढं वाढतं आणि खुर्ची रिकामी राहते. त्यांचा मोह उलटा असतो, मागे राहण्याचा, "आमच्याकडे कोण येणार" म्हणण्याचा, आणि ती मला घरात बसून सांगत होती तेव्हा मी हसून पुढे गेलो होतो. प्रेषितांच्या सहाव्या अध्यायात पहिले सात निवडले ते कशामुळे, ग्रीक बोलणाऱ्या विधवांना रोजच्या वाटपात डावलत होते म्हणून. आणि सातही नावं ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्यातल्या माणसांकडेच वाटप दिलेलं दिसतं. मी हे वचन कितीतरी वेळा वाचलंय, पण भाषणात वापरायचं सुचलं नाही.

त्या संध्याकाळी मी पाळकसाहेबांशी आणि सेक्रेटरींशी बोललो. मीटिंगची वेळ बदलली, आता जेवणाच्या दिवशी मीटिंग नसते. जेवणाचं काम एका वेगळ्या गटाकडे दिलं, त्यात चार पुरुष आहेत, पहिल्या वेळेला भात करपला. राजीनामा दिलेल्या पंचांकडे दफनभूमीचं काम होतं, ते त्या ताईंकडे दिलं. नकाशा घेताना त्यांनी माझ्यासमोरच उघडला, बोटाने रांगा मोजल्या आणि म्हणाल्या, "सर, हा चुकीचाय. इथे तीन कबरी लहान मुलांच्या आहेत, त्या यात दाखवलेल्याच नाहीत. एक माझ्या बहिणीची आहे." दुसऱ्या बुधवारी त्या टेप आणि चुन्याची पिशवी घेऊन दफनभूमीत गेल्या, बरोबर दोन कॉलेजची पोरं होती, आणि नकाशा परत काढायला घेतला.